विमानतळ संकेताक्षरे

विमानतळ किंवा शहर ओळखण्यासाठी वापरला जाणारा तीन रोमन अक्षरांचा संकेत. हे संकेत आयाटा ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. वैमानिक व हवाई नियंत्रक ज्या चार अक्षरांनी विमानतळ ओळखतात (मुंबईसाठी VABB), ती पद्धत निराळी.

उगमाविषयी एकमत नाही. प्रचलित मतानुसार अमेरिकी हवामान खात्याचे स्थानकांसाठीचे दोन अक्षरी संकेत विमान कंपन्यांनी उचलले आणि बहुधा १९३० च्या दशकात तिसरे अक्षर जोडले गेले. लॉस एंजेलिसच्या LAX मधील X ही तेव्हाची निव्वळ भर मानतात. त्या X चे गूढ अर्थ सांगणाऱ्या कथांपेक्षा हेच अधिक पटते. नाव बदलले तरी संकेत सहसा बदलत नाही. म्हणून मुंबई अजून BOM आहे.

खरा घोळ शहर-संकेतामुळे होतो. LON हा विमानतळ नव्हे. तो टाकला की हीथ्रो (LHR), गॅटविक (LGW), स्टॅनस्टेड (STN) असे लंडनचे अनेक विमानतळ एकत्र शोधले जातात. स्वस्त म्हणून वर आलेल्या निकालात उतरणे LHR ला आणि पुढचे विमान LGW हून असू शकते. मधला रस्ता व सामान मग प्रवाशाच्या गळ्यात.

गोव्यात हीच गत आहे. दाबोळीचा संकेत GOI. पेडणे तालुक्यातील मोपा येथून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली, त्याचा GOX. ‘गोवा’ एवढेच टाकले तर दोन्ही निकाल एकाखाली एक येतात आणि नजर आधी भाड्यावर जाते. मडगावला लग्नाला निघालेल्याने मोपा घेतले, तर दाबोळीपेक्षा कितीतरी लांबचा टॅक्सीप्रवास पदरात पडतो. सावंतवाडीकराला मात्र तेच सोयीचे. परतीचे तिकीट वेगळे काढताना GOX ने येऊन GOI हून निघण्याची चूक सहज होते, कारण दोन्हीकडे ‘गोवा’च लिहिलेले असते. नवी मुंबईच्या NMI मुळे मुंबईतही आता हेच तपासावे लागते.

सारख्या नावांची गावे हा दुसरा सापळा. हैदराबाद HYD म्हणजे तेलंगण, HDD म्हणजे सिंध. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेले एक ब्रिटिश जोडपे कॅनडातील सिडनीला (YQY) पोचले. ऑस्ट्रेलियाची सिडनी SYD आहे. पैसे भरण्याआधी निकालातील गावाचे नाव सोडून ही अक्षरे, देश आणि उड्डाणाचा कालावधी पाहावा. सामान सोपवल्यावर चिठ्ठीवरची ठळक तीन अक्षरेही वाचावीत: सामान तिथवरच जाते.