श्लेषयुक्त घोषवाक्याची पुनर्रचना

परभाषेतील भित्तिपत्रकावरच्या श्लेषाचा शब्दशः अनुवाद न करता तोच परिणाम साधणारे वाक्य आपल्या भाषेत नव्याने रचणे, याला जाहिरात व्यवसायात ट्रान्सक्रिएशन म्हणतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मुभा ठेवली. तेथे एकाच चित्राखाली इंग्रजी, कोंकणी आणि मराठी मजकूर लावायचा झाल्यास हा प्रश्न हमखास उभा राहतो.

पणजीतील काजूच्या दुकानासाठी ‘नट्स अबाउट गोवा’ हे वाक्य आले आहे आणि चित्रात समुद्रकाठी गॉगल लावलेला काजूगर आहे, असे समजू. इंग्रजीत ‘नट्स’ म्हणजे काजूसारखा सुका मेवाही आणि वेडही. ‘गोव्यासाठी वेडे’ असे लिहिले की काजू निसटतो. म्हणून लेखक आधी वाक्याचे काम एका ओळीत मांडतो: गोव्यावरचे प्रेम आणि काजूची खरेदी एकाच शब्दात भेटली पाहिजे. मग तो काजूभोवतीचे शब्द गोळा करतो: बी, गर, टरफल, भाजणे, फोडणे, भाव.

‘जाताना मला बी न्या’ हे वाक्य चटकन सुचते आणि त्यातला श्लेषही अस्सल आहे. मात्र ‘सुद्धा’ या अर्थाचा ‘बी’ घाटावरच्या बोलीतला आहे, गोव्याच्या मराठीतला नाही. शिवाय बी म्हणजे टरफलासकटचा कच्चा माल. पाकिटात असतो तो गर. ‘आमचा काजू भाव खात नाही’ हे याहून खुसखुशीत आहे, पण ते प्रेमाऐवजी स्वस्ताईचे वचन देते, आणि दुकानात पौंडात जेमतेम १८० नग भरणारा टपोरा, महाग गर असेल तर ते खोटेही ठरते. फसलेली पुनर्रचना बहुधा अशीच असते: गंमत जमते, वचन बदलते.

‘सागर गोव्यात, गर घरात’ हे वाक्य टिकते. काटेकोरपणे पाहता हा श्लेष नसून यमकाच्या जवळचा शब्दखेळ आहे, परंतु अलंकार तोच राखण्याचे बंधन नसते. सुटी संपते, समुद्र मागे राहतो आणि गोव्याची आठवण पाकिटातून घरी जाते, हा भाव त्यात आहे. ‘सागर’मध्ये जोडाक्षर नसल्याने ‘गर’ ही दोन अक्षरे वेगळ्या रंगात छापता येतात, आणि चित्रही बदलावे लागत नाही.

जाहिरात करवून घेणाऱ्या ग्राहकाला मराठी येत नसल्यास वाक्यासोबत त्याचा सरळ अर्थ आणि खेळ कुठे आहे याची टीप द्यावी लागते. वाचकाला मात्र टीप द्यायची नसते: फोंडा किंवा पेडण्यातील चारपाच जणांना पत्रक नुसते दाखवावे, आणि त्यांनी ‘गर’ आपणहून टिपला नाही तर वाक्य परत घ्यावे. कोंकणीत हेच वाक्य चालत नाही. तेथे रोजच्या बोलण्यात समुद्राला दर्या म्हणतात, त्यामुळे त्या पत्रकासाठी शब्दांची जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.