एकाच पीएनआरमधून एका प्रवाशाचं नाव काढताना: उरलेली तिकिटं, कापली जाणारी रक्कम आणि परतावा

गणपतीला गावी जायचं तिकीट मुंबईत एकाच्या नावाने कधी काढलं जात नाही. चार-पाच जणांचं एकत्र काढायचं, शेजारी शेजारी जागा मिळाल्या की सुटलो म्हणायचं. मग निघायच्या दोन दिवस आधी घरातल्या एकाची सुट्टी रद्द होते आणि प्रश्न येतो: एकाचं नाव काढलं तर बाकीच्यांचं तिकीट हलेल का?

हलत नाही. आयआरसीटीसीवरून काढलेल्या ई-तिकिटावर एका पीएनआरमध्ये सहापर्यंत प्रवासी असतात, तत्काळमध्ये चार. पीएनआर सगळ्यांचा मिळून एक असला तरी जागा, स्थिती आणि भाडं प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद असते. एक नाव काढलं की तेवढीच नोंद बंद होते. उरलेल्यांचा पीएनआर तोच राहतो, डबा तोच आणि बर्थही तेच.

२०२४ सालची आमच्याच घरची गोष्ट सांगतो, म्हणजे हिशेब नीट कळेल. गणेश चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला होती. आमचं गुरुवार ५ सप्टेंबरचं कोकणकन्या एक्सप्रेसचं तिकीट होतं. सीएसएमटीहून रात्री ११.०५ ला, कणकवलीपर्यंत, थर्ड एसी. आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी असे पाच जण, सगळे कन्फर्म, बर्थ १७ ते २१. बुधवारी संध्याकाळी दादाला ऑफिसात सांगितलं की सुट्टी मिळणार नाही.

रद्द करण्याआधी: त्या जागी दुसरं कुणी जाऊ शकतं का?

नाव काढण्याआधी हा विचार करायलाच हवा, कारण कन्फर्म बर्थ कुटुंबातल्या दुसऱ्याच्या नावावर करता येतो आणि मग रद्द करण्याचा आकारच लागत नाही. पण इथे कुटुंब म्हणजे फक्त आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी. नातं मोजायचं ते ज्याचं नाव निघणार त्या प्रवाशाशी, तिकीट काढणाऱ्याशी नाही. काका, मामा, सून, जावई, नातू या यादीत बसत नाहीत. आमचा मावसभाऊ बॅग भरून तयार होता, पण नियमाच्या भाषेत तो भाऊ नव्हे. ताई चालली असती, ती दादाची सख्खी बहीण. पण तिलाही रजा नव्हती.

हे काम ऑनलाइन होत नाही. तिकिटाची छापील प्रत, ज्याच्या नावावर जागा करायची त्याचं मूळ ओळखपत्र आणि नातं सिद्ध करणारा कागद घेऊन गाडी सुटायच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागतो. नात्यासाठी रेशनकार्ड सोयीचं, कारण त्यावर घरातली सगळी नावं एकत्र असतात. लग्न होऊन वेगळ्या रेशनकार्डवर गेलेल्या बहिणीसाठी दोघांच्याही आईवडिलांची नावं दाखवणारे कागद लागतील, तेव्हा जन्मदाखले शोधून ठेवा. एका तिकिटावर असा बदल एकदाच होतो, आणि वेटिंगवरच्या नावाला ही सोय नाही.

नाव प्रत्यक्ष कसं काढायचं

ज्या लॉगिनवरून तिकीट काढलं, तेच लॉगिन लागतं. irctc.co.in वर `My Account` मधून `My Transactions` आणि मग `Booked Ticket History` उघडा. तिकीट निवडून `Cancel Ticket` दाबलं की सगळ्या प्रवाशांची नावं येतात आणि प्रत्येकासमोर एक चौकोन असतो. जो जाणार नाही, फक्त त्याच्यासमोर खूण करायची. इथे घाई करू नका. मोबाइलवर नावं एकाखाली एक लागून दिसतात, आडनाव सगळ्यांचं एकच असतं, आणि चुकून भलत्या नावावर खूण होऊन बटण दाबलं गेलं तर ती जागा परत मिळत नाही. मी वय आणि बर्थ क्रमांक मोठ्याने वाचून मग पुढे गेलो.

दुसऱ्या ॲपवरून तिकीट काढलं असेल तर त्याच ॲपवरून रद्द करावं लागतं, आणि एजंटकडून काढलं असेल तर एजंटकडूनच. एजंटच्या तिकिटात परतावा आधी त्याच्या खात्यात जातो आणि प्रवाशाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून तिकीट काढतानाच आपला नंबर नोंदवून घ्या, आणि हातात पैसे पडेपर्यंत तो ओटीपी एजंटला सांगू नका. खिडकीवरचं छापील तिकीट असेल तर मूळ तिकीट घेऊन आरक्षण खिडकीवरच जायचं.

किती कापतात

कापली जाणारी रक्कम फक्त निघणाऱ्या नावाच्या भाड्यातून जाते, बाकीच्यांच्या भाड्याला हात लागत नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून दादाचं भाडं १२०० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटीचे ६० रुपये, असे १२६० भरले होते असं धरू.

तेव्हाच्या नियमांनुसार गाडी सुटायच्या ४८ तासांहून आधी, म्हणजे मंगळवारी रात्री ११.०५ च्या आत नाव काढलं असतं, तर थर्ड एसीचे ठरलेले १८० रुपये आणि त्यावर जीएसटी मिळून १८९ कापले गेले असते आणि १०७१ परत आले असते. मंगळवारी रात्रीपासून गुरुवारी सकाळी ११.०५ पर्यंत भाड्याच्या २५ टक्के, म्हणजे जीएसटीसकट ३१५. आम्ही बुधवारी रात्री नाव काढलं, त्यामुळे हेच लागू झालं आणि ९४५ रुपये परत आले. गुरुवारी सकाळी ११.०५ ते संध्याकाळी ७.०५ या वेळेत अर्धं भाडं गेलं असतं, आणि शेवटच्या चार तासांत काहीच मिळालं नसतं. दादाला सोमवारपासूनच सुट्टीची शंका होती. त्याने तेव्हाच सांगितलं असतं तर १२६ रुपये वाचले असते. एका माणसाचे १२६, तिघांची नावं काढायची असती तर पावणेचारशेच्या वर.

स्लीपरला ठरलेली रक्कम १२० आणि सेकंड एसीला २०० होती. हे टप्पे रेल्वे बदलू शकते, त्यामुळे ज्या दिवशी रद्द कराल त्या दिवशीचे टप्पे साइटवर पाहूनच पुढे जा. कन्फर्म झालेल्या तत्काळ तिकिटावर मात्र परतावा नाही. तिकीट काढताना घेतलेलं सुविधा शुल्कही परत येत नाही, ते प्रवाशांगणिक नसून तिकिटागणिक असतं.

पैसे ज्या खात्यातून किंवा कार्डावरून गेले, तिथेच काही दिवसांत परत येतात. लॉगिन माझं होतं, पण कार्ड दादाचं, म्हणून पैसे दादाकडे गेले. शेजाऱ्याच्या कार्डावरून तिकीट काढलं असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

रिकामी झालेली जागा आपल्याला मिळत नाही

याबाबत सगळ्यात जास्त गैरसमज आहे. दादाचा बर्थ २० होता, म्हणजे खालचा. आईचा २१, मधला. दादा येत नाही म्हटल्यावर वहिनीने आईंना सांगूनही टाकलं, "तुम्ही आता खालीच झोपा." तसं होत नाही. नाव निघालं की बर्थ आपल्या पीएनआरमधून सुटतो आणि आरएसी किंवा वेटिंगच्या रांगेतल्या पुढच्या प्रवाशाकडे जातो. दादरला एक मुलगा चढला, २० नंबर त्याचा. विचारल्यावर तो आनंदाने मधल्या बर्थवर गेला, पण ती त्याची भलाई होती, आपला हक्क नव्हता.

याच कारणाने, घरातला एक कन्फर्म आणि एक वेटिंगवर असेल, तर कन्फर्म असलेल्याचं नाव काढून वेटिंगवाल्याला जागा मिळेल या आशेवर राहू नका. आपण जागा सोडतो आणि फायदा रांगेत पहिल्या असलेल्याला होतो.

अर्धे कन्फर्म, अर्धे वेटिंग असतील तर

इथे एक सवलत आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. एकाच पीएनआरमध्ये काही नावं `CNF` आणि काही `WL` असतील, आणि कुणीच जाणार नसेल, तर सगळ्यांची नावं एकदम रद्द करा. गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत सगळ्यांचं रद्द झालं किंवा ऑनलाइन टीडीआर म्हणजे परताव्याचा दावा भरला गेला, तर कन्फर्म असलेल्यांचेही फक्त ६० रुपये प्रत्येकी आणि एसीला त्यावर जीएसटी कापला जातो. एकेक नाव सुटं काढत बसलात तर कन्फर्म नावांना वरचा टक्केवारीचा हिशेब लागतो.

उलट बाजूला एक खड्डा आहे. पूर्ण वेटिंगचं ई-तिकीट चार्ट बनल्यावर आपोआप रद्द होतं. अर्धवट वेटिंगचं होत नाही. वेटिंगवरची व्यक्ती जाणार नसेल, तर चार्ट बनण्याआधी तिचं नाव स्वतः काढा. चार्ट बनून गेला असेल, तर जे प्रवास करतायत त्यांनी गाडीत टीसीकडून "इतके प्रवासी आले नाहीत" असं प्रमाणपत्र लिहून घ्यायचं, गाडी उतरण्याच्या स्थानकावर पोहोचल्यापासून ७२ तासांच्या आत टीडीआर भरायचा आणि मूळ प्रमाणपत्र टपालाने आयआरसीटीसीला पाठवायचं. टीसी डब्यातून पुढे गेला की पुन्हा सापडत नाही, म्हणून तिकीट तपासतानाच हे मागून घ्या.

उरलेल्यांनी काय सोबत ठेवायचं

नाव काढल्यावर जुनी प्रिंट फाडून टाका आणि आरक्षणाची नवी पावती काढा. तिच्यात उरलेली नावंच असतात. आणि ओळखपत्र बघा. ई-तिकिटावर प्रवास करणाऱ्यांपैकी किमान एकाकडे मूळ ओळखपत्र लागतं, नाहीतर सगळ्यांना विनातिकीट धरलं जातं. आमच्याकडे दरवर्षी दादाचंच आधार दाखवायची सवय होती. बुधवारी रात्री अकराला आईने कपाटातून आपलं मतदान ओळखपत्र शोधून काढलं आणि पिशवीच्या आतल्या खणात ठेवलं.