पाणी एकच, दावे तीन: न्यूसन्स, ट्रेसपास आणि स्ट्रिक्ट लायबिलिटी

टॉर्ट्सच्या पेपरात शेजाऱ्याच्या जमिनीतून पाणी आल्याचा प्रश्न हमखास असतो, आणि उत्तरात तिन्ही अपकृत्यांची सरमिसळ होते. याचं मूळ इतिहासात आहे. हे तीन दावे वेगवेगळ्या काळी, एकमेकांच्या उणिवा भरून काढत तयार झाले. तो क्रम कळला की पेपरातली तथ्यं कुठल्या क्रमाने तपासायची तेही कळतं.

जुन्या इंग्लिश कायद्यात दाव्याचे साचे ठरलेले होते. ट्रेसपासचा साचा थेट घडलेल्या कृतीसाठी आणि ‘केस’ नावाचा साचा त्या कृतीतून पुढे उद्भवलेल्या हानीसाठी. साचा चुकला की खरी तक्रार असूनही दावा फेटाळला जाई. 1725 च्या रेनॉल्ड्स विरुद्ध क्लार्क खटल्यात प्रतिवादीने आपल्या घराला पन्हळ लावली होती. पावसाचं पाणी वादीच्या अंगणात पडून त्याच्या भिंती कुजल्या. वादीने ट्रेसपास लावला आणि हरला, कारण पन्हळ बसवणं ही कृती मुळात बेकायदेशीर नव्हती आणि पाणी नंतर आलं. तिथेच न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी ओंडक्याचं उदाहरण दिलं: रस्त्यावर फेकलेला ओंडका उडताना कुणाला लागला तर ट्रेसपास, पडलेल्या ओंडक्याला नंतर कुणी अडखळलं तर केस. थेट आणि परिणामी हानीतला हा फरक आजही पहिली चाळणी आहे.

न्यूसन्सला कृती थेट असण्याची गरज नव्हती. तिथे प्रश्न असे की वादीच्या जमिनीच्या उपभोगात किती आणि किती काळ अडथळा आला, आणि शेजाऱ्याने तेवढं सोसावं अशी अपेक्षा रास्त आहे का. म्हणून ट्रेसपासमध्ये नुकसान सिद्ध करावं लागत नाही, न्यूसन्समध्ये सर्वसाधारणपणे करावं लागतं.

1860 मध्ये लँकशायरमध्ये जॉन रायलँड्स यांच्या गिरणीचा जलाशय फुटला आणि खाणकामाच्या जुन्या, बुजलेल्या उभ्या भुयारांवाटे पाणी थॉमस फ्लेचर यांच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. हा प्रसंग कुठल्याच साच्यात बसेना. एक्स्चेकर न्यायालयातल्या बहुमताने 1865 मध्ये दावा नाकारला. न्या. मार्टिन म्हणाले, हानी थेट नाही म्हणून ट्रेसपास नाही. आणि तळं बांधणं कायदेशीर आहे, इंद्रियांना त्रास देणारं नाही, म्हणून न्यूसन्सही नाही. निष्काळजीपणा कंत्राटदारांचा होता, रायलँड्स यांचा स्वतःचा नव्हे. पुढच्याच वर्षी अपिलात न्या. ब्लॅकबर्न यांनी हा निकाल फिरवला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं, तळघरात झिरपलेली शौचालयाची घाण आणि अल्कलीच्या कारखान्याचे धूर ही जुनी उदाहरणं एकत्र आणून त्यांनी स्ट्रिक्ट लायबिलिटीचा, म्हणजे निष्काळजीपणा नसतानाही येणाऱ्या जबाबदारीचा, नियम मांडला: निसटली तर अपाय करील अशी वस्तू स्वतःसाठी जमिनीवर आणून साठवणारा तिच्या निसटण्याला जबाबदार. 1868 मध्ये लॉर्ड केर्न्स यांनी ‘अनैसर्गिक वापर’ ही अट जोडली. नियमाचा कच्चा माल जुन्या दाव्यांतूनच आला, म्हणून तथ्यं इतकी सारखी दिसतात.

आता नाशिकच्या बाजूचं एक शेततळं घ्या. ‘अ’ने तळं उपसताना पंपाचा पाइप बांधावरून थेट ‘ब’च्या द्राक्षबागेत सोडला, तर तो ट्रेसपास, एकही वेल मेला नसला तरी. तळ्याचं अस्तर फाटून महिनोन्‌महिने पाझर होतोय, बाग दलदलीत आहे आणि ‘अ’ला सांगूनही तो काही करत नाही, तर न्यूसन्स. एका रात्री बांध फुटून बाग वाहून गेली, तर रायलँड्स. म्हणजे तीन खुणा शोधायच्या: पाणी कुणी थेट ढकललं का, त्रास चालू राहिला का, साठवलेलं निसटलं का. प्रश्नात दोन खुणा असतील तर दोन्ही दावे पर्याय म्हणून मांडावेत.

तिसऱ्या रूपात बहुतेक उत्तरं एक पायरी गाळतात: भारतात पाणी साठवणं अनैसर्गिक आहे का? 1874 मध्ये मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेतनगरमचे जमीनदार या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तलाव फुटूनही रायलँड्स लावला नाही. सिंचनाचे ते जुने तलाव लोकहितासाठी राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच होतं. ‘अ’ने तळं स्वतःच्या फायद्यासाठी खोदलं, म्हणून ‘ब’ला हा निकाल वेगळा काढता येईल. पण ‘अ’ म्हणेल की शेतीसाठी पाणी साठवणं इथला नेहमीचाच वापर आहे. माझ्या मते ‘अ’ची बाजू जड आहे, आणि ‘ब’ने निष्काळजीपणाही मांडायलाच हवा.

तळ्याऐवजी विषारी वायूचा कारखाना आला की चित्र बदलतं. 1985 च्या दिल्लीतल्या ओलियम गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात (1987) अशा धोकादायक उद्योगांवर संपूर्ण दायित्व टाकलं. तिथे दैवी आपत्तीसारखे रायलँड्सचे अपवाद चालत नाहीत, आणि वायू आवाराबाहेर निसटला नाही, आतलाच कामगार जखमी झाला, तरी भरपाई द्यावी लागते.