परिमेय फलन उडी का मारत नाही?

अकरावीच्या सांतत्याच्या धड्यात असांतत्याचे तीन प्रकार येतात: दूर करता येणारे, उडीचे आणि अनंत. नागपुरात शिकवणी घेताना हा धडा आला की दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. मी फळ्यावर लिहितो:

f(x) = (x² − x − 6) / (x² − 9)

अवयव पाडले की वर (x − 3)(x + 2) आणि खाली (x − 3)(x + 3). म्हणजे 3 आणि −3 इथे छेद शून्य होतो. आधी −3 पाहू. −3.01 ला किंमत 101 येते, −2.99 ला −99. आलेख डावीकडून वर आभाळात जातो आणि उजवीकडे पाताळातून वर येतो. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, दोन बाजूंना दोन वेगळ्या गोष्टी झाल्या न, मग याला उडी काहून नाही म्हणायचं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

1748 मध्ये ऑयलरने 'सतत' हा शब्द वापरला, तेव्हा त्याच्या डोक्यात आलेखातली फट नव्हती. सगळीकडे एकच सूत्र चालत असेल तर वक्र सतत, आणि तुकड्यातुकड्याला वेगळा नियम असेल तर असतत. या हिशेबाने 1/x चा अपास्त (हायपरबोला) दोन अलग शाखांचा असूनही सतत ठरत होता, कारण सूत्र एकच! उलट दोन रेषा टोकाला टोक जोडून काढलेली मोडकी रेषा अखंड दिसूनही असतत.

कोशीने 1821 मध्ये ही व्याख्या मोडली. x मध्ये अत्यल्प वाढ केली तर फलनातही अत्यल्पच बदल व्हायला हवा, आणि तेही दिलेल्या दोन मर्यादांच्या दरम्यान. सूत्राची जागा अंतराने, म्हणजे इंटरव्हलने घेतली. a/x हे x = 0 ला अनंत होतं म्हणून तिथे असतत, असं त्याने तिथेच लिहून ठेवलं. पुढे 1844 मध्ये त्याने जुन्या व्याख्येचं पितळ √(x²) घेऊन उघडं पाडलं. तेच फलन धन बाजूला x आणि ऋण बाजूला −x असं दोन सूत्रांनीही लिहिता येतं. मग ते सतत म्हणायचं की असतत? लिहिण्याच्या पद्धतीवर गुणधर्म बदलत असेल तर तो फलनाचा गुणधर्मच नव्हे.

हेच √(x²) आपल्याला उडीही दाखवतं. त्याला x ने भागा: शून्याच्या उजवीकडे 1, डावीकडे −1. दोन्ही सीमा सांत, पण वेगळ्या. उडी म्हणजे एवढंच. मेट्रोचं तिकीट टप्पा ओलांडला की एकदम वाढतं, तशी.

आता मागच्या बाकाचं उत्तर. परिमेय फलनात x = a पाशी (x − a) हा अवयव वर किती वेळा आणि खाली किती वेळा आहे, एवढंच मोजायचं. खाली जास्त वेळा नसेल, तर काटछाट झाल्यावर छेदात तो उरत नाही. राहिलेल्या सूत्रात a ठेवला की दोन्हीकडून तीच किंमत मिळते. खाली जास्त असेल तर दोन्ही बाजू अनंताकडे पळतात, चिन्हं काहीही असोत. एक बाजू 2 ला थांबली आणि दुसरी 5 ला, असं व्हायला मधली वाटच नाही. −3 ला दोन्हीकडे सांत सीमा नाहीत, म्हणून ते अनंत असांतत्य.

आणि 3 पाशी? 2.99 ला सुमारे 0.8331, 3.01 ला सुमारे 0.8336. सीमा 5/6. f(3) = 5/6 असं ठरवून दिलं की छिद्र बुजतं. मात्र 0/0 दिसलं की डोळे मिटून 'दूर करता येणारे' लिहू नका. (x − 3)/(x − 3)² मध्येही 0/0 येतं, पण काटछाटीनंतर 1/(x − 3) उरतं. यात दरवर्षी अर्धा वर्ग फसतो.

अंतर का महत्त्वाचं, ते बोल्झानोने 1817 मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयावरून कळतं: बंदिस्त अंतरावर सतत असलेलं फलन टोकांना विरुद्ध चिन्हांचं असेल, तर मध्ये कुठेतरी शून्य होतंच. आपलं f घ्या. f(−4) = 2 आणि f(−2.5) = −1. चिन्ह बदललं, पण या दोघांच्या मध्ये f कुठेच शून्य होत नाही. त्याचं एकमेव शून्य −2 ला आहे. कारण मध्ये −3 बसलाय. तेच [−2.5, 0] घेतलं तर छेद कुठेही शून्य होत नाही, f(−2.5) = −1, f(0) = 2/3, आणि शून्य बरोबर −2 ला सापडतं.

आजची उच्च गणिताची पुस्तकं म्हणतात की −3 आणि 3 हे f च्या प्रांतातच नाहीत, म्हणून f आपल्या प्रांतावर सततच आहे. गंमत म्हणजे 1/x बाबतचा निकाल त्यामुळे पुन्हा ऑयलरसारखाच लागतो, कारण मात्र निराळं. अकरावीचा पेपर कोशीच्या बाजूने आहे. तिथे −3 ला 'असतत' लिहा.