एकास दोन की पाव? कवेलूच्या उताराची पार्श्वभूमी

नागपुरात कुंभाराच्या हातचे अर्धगोल कवेलू होते तेव्हा छपराचा उतार एकास दोन ठेवावा की पाव, हा वाद नव्हता. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी, खिळा कशालाच नाही. उतार फार खडा केला तर कवेलू सरकायचे, फार सपाट ठेवला तर गळायचे. दर मे महिन्यात माणूस छपरावर चढून कवेलू नीट बसवायचा, म्हणजे घर फेरायचा. माकडांनी केलेली नासधूसही त्यातच निस्तरायची.

मंगळुरात 1865 मध्ये मिशनऱ्यांनी साच्यातल्या खाचेच्या कौलांचा कारखाना काढला. ही कौले इकडे आली ती 'इंग्रजी कवेलू' म्हणून, आणि सोबत मोजमाप आले. उतार किमान एकास दोन, वरचे कौल खालच्यावर निदान 60 मिलिमीटर चढलेले.

घोळ 'पाव' या शब्दाने केला. जुन्या हिशेबात उठाव घराच्या पूर्ण रुंदीवर मोजतात. 16 फूट रुंद घराला पाव उठाव म्हणजे आढे 4 फूट वर. नकाशा अर्धी रुंदी धरतो, 8 फुटांना 4, म्हणजे एकास दोन. दोन्ही एकच, साडेसव्वीस अंश. पडवीला मात्र एकच पाखे. माझ्या आत्याच्या 8 फूट पडवीला सुताराने पाव म्हणून 2 फूटच उठाव दिला. झाले 14 अंश.

त्यातही कौल वाशाइतके कललेले नसते. त्याचे खालचे टोक पुढच्या कौलावर टेकून उचलले जाते, त्यामुळे तीनेक अंश आणखी जातात. उरले 11. आता 60 मिलिमीटरची चढण तिरकी असली तरी वाऱ्याला पाणी उभे चढवावे लागते. एकास दोनवर ती उंची साधारण 24 मिलिमीटर, आत्याच्या पडवीवर जेमतेम 11. ताशी 54 किलोमीटरचा झोत पुरता छपरावर आदळला तर पाणी 14 मिलिमीटरपर्यंत ढकलू शकतो. आतली हवा फटींतून मिसळत असल्याने प्रत्यक्ष जोर कमी पडतो, पण वळवाच्या झोतांपुढे 11 मिलिमीटरचा भरवसा नाही.

तिथे सरळ पावसात पडवी कोरडी राहायची. पश्चिमेचा वारा सुटला की कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या रेषेत सलग ओल दिसायची. कौल फुटले असते तर एकाच जागी टपटपले असते.

चढण वाढवू म्हणून पट्ट्या जवळ घेतल्या. कुंभारी कवेलूला हे जमते, खाचेच्या कौलाला नाही. खाच खाचेत बसेना, टोक आणखी उचलले गेले, उतार आणखी मेला. आता लोक कौलाखाली पत्रा घालतात आणि 14 अंशांवरच निभावतात. म्हणजे पाणी पत्रा अडवतो, कौल नुसते दिसायला. आत्याने पत्रा न घालता भिंतीवरची तुळई 2 फूट वर घेतली.