अ‍ॅसिटेट बफर (पीएच ५.०) : सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार घेऊन बनवणं

सौम्य आम्ल आणि त्याच आम्लाचा क्षार एकाच द्रावणात ठेवला की थोडं आम्ल किंवा अल्क पडलं तरी पीएच फारसा हलत नाही, त्याला बफर म्हणतात. हवा तो पीएच मिळवायला दोघांचं गुणोत्तर ठरवावं लागतं. इथे उदाहरण म्हणून अ‍ॅसिटिक आम्ल आणि सोडियम अ‍ॅसिटेट घेतलंय. आम्लाची ताकद सांगणारा आकडा, म्हणजे पीकेए, २५ अंशांना ४.७६ आहे, म्हणजे साधारण ३.८ ते ५.८ पर्यंत हा बफर चालतो आणि ५.० त्यात मजेत बसतो. त्याबाहेरचा पीएच हवा असेल तर ओढाताण करू नये, सरळ दुसरं आम्ल घ्यावं.

सूत्राचं नाव आणि वाद

या हिशेबाला सगळीकडे हेंडरसन-हॅसेलबाल्क समीकरण म्हणतात, पण दोघांनी ते एकत्र बसून लिहिलेलं नाही. अमेरिकेत लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये रक्तातल्या कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेटचा विचार करताना जे मांडलं त्यात लॉग नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं, कारण पीएच ही मोजपट्टीच सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून १९०९ मध्ये आणली. म्हणजे हेंडरसन फक्त इतकंच सांगतात की हायड्रोजन आयनांची संहती म्हणजे स्थिरांक गुणिले आम्ल भागिले क्षार. डेन्मार्कच्या हॅसेलबाल्क यांनी पुढे त्याला लॉगचं रूप दिलं, त्याचं साल कुठे १९१६ तर कुठे १९१७ दिलेलं दिसतं. श्रेय कोणाचं यावर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय. मूळ रसायनशास्त्र हेंडरसन यांचंच म्हणावं लागतं, आणि लॉगच्या रूपाने आकडे डोक्यात धरायला सोपं झालं हेही तितकंच खरं. ‘बफर’ या अर्थाने फ्रेंच ‘ताँपाँ’ शब्द फर्नबाख आणि ह्युबर्ट यांनी १९०० च्या सुमारास माल्टच्या एन्झाइमवर काम करताना वापरला असं सहसा सांगतात. बफर किती भार सोसतो याचं गणित व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये मांडलं.

```
pH = pKa + log( क्षार / आम्ल )
```

हिशेब : ५०० मिली, एकूण ०.१ मोलर

आधी गुणोत्तर काढायचं.

```
5.00 = 4.76 + log(क्षार/आम्ल)
log(क्षार/आम्ल) = 0.24
क्षार/आम्ल = 1.74
```

५०० मिलीत ०.१ मोलर म्हणजे दोन्ही मिळून ५० मिलिमोल. त्याचे २.७४ भाग पाडले तर एक भाग आम्लाचा, १८.३ मिलिमोल, आणि उरलेले ३१.७ मिलिमोल क्षाराचे. आता वजन. सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेटचा रेणुभार १३६.१, म्हणून ४.३२ ग्रॅम. ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल साधारण १७.४ मोलर असतं, म्हणून १.०५ मिली.

प्रत्यक्षात

बीकरमध्ये ४०० मिली डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, ५०० नाही, कारण पुढे दुरुस्तीला जागा लागते. स्टरर चालू ठेवून क्षार विरघळवायचा, मग फ्यूम हूडमध्ये पिपेटने आम्ल सोडायचं. हिवाळ्यात बाटली उघडली आणि आम्ल घट्ट खड्यासारखं दिसलं तर घाबरू नका, ते १६.६ अंशांना गोठतं, कोमट पाण्यात बाटली ठेवून पूर्ण वितळू द्यायची आणि हलवून मगच मोजायचं. द्रावण खोलीच्या तापमानाला आलं की ४.०१ आणि ७.०० च्या स्टँडर्डनी कॅलिब्रेट केलेला मीटर बुडवायचा.

आता गंमत इथे आहे. हिशेब अगदी बरोबर असूनही मीटर ५.० नाही, ४.९ च्या आसपास दाखवतो. नवीन मुलं मग वजन चुकलं समजून सगळं ओतून टाकतात. चूक वजनाची नसते. सूत्रात आपण संहती टाकतो, पण मीटर आयनांची सक्रियता बघतो, आणि सोडियम व अ‍ॅसिटेट आयनांच्या गर्दीत अ‍ॅसिटेटची सक्रियता त्याच्या संहतीपेक्षा कमी पडते. परिणाम असा की या ताकदीच्या द्रावणात पीकेए ४.७६ ऐवजी ४.६७ च्या जवळ असल्यासारखा वागतो. ४.६७ घेऊन परत हिशेब केला तर गुणोत्तर २.१४ लागतं, म्हणजे आम्ल १८.३ वरून १५.९ मिलिमोलवर आणायचं, म्हणून १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड साधारण २.३ मिली. दीड मिली एकदम, नंतर थेंबथेंब. जास्त पडलं तर परत खाली आणायला अ‍ॅसिटिक आम्लच वापरायचं, हायड्रोक्लोरिक टाकलं की क्लोराइड आत येतो आणि तो प्रयोगात कुठे नडेल सांगता येत नाही. ५.०० वर आलं की ५०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत पाणी भरायचं. भरल्यावर शेवटचं एकदा रीडिंग घ्यावं.

कुठे फसतं

सगळ्यात जास्त वेळा फसतं ते सोडियम अ‍ॅसिटेटच्या बाटलीवर. कपाटात दोन बाटल्या असतात, एक ट्रायहायड्रेट आणि एक अ‍ॅनहायड्रस, आणि नाव वरवर सारखंच. अ‍ॅनहायड्रसचा रेणुभार ८२.०, त्यातून ४.३२ ग्रॅम घेतले तर क्षार ३१.७ ऐवजी ५२.७ मिलिमोल होतो आणि सूत्राने पीएच ५.२ वर जातो. उलटी चूक केली, म्हणजे अ‍ॅनहायड्रससाठी काढलेलं २.६० ग्रॅम वजन ट्रायहायड्रेटचं घेतलं, तर पीएच ४.७८ येतो. म्हणून मीटर अपेक्षेपासून ०.१ पेक्षा बरंच लांब असेल तर अल्क ओतत बसू नये, आधी लेबल वाचावं. अल्क टाकून पीएच बरोबर करता येतो, एकूण ताकद मात्र चुकलेलीच राहते आणि मीटरला त्याचा पत्ता लागत नाही.

बफर खरंच काम करतोय का हे बघायला त्यात १ मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून बघा (एका वेगळ्या बॅचमध्ये, कामाच्या नाही). १ मिलिमोल क्षार आम्लात बदलतो आणि पीएच जेमतेम ०.०४ ने उतरतो. तेच आम्ल ५०० मिली साध्या पाण्यात गेलं तर पीएच २.७ वर कोसळतो.

दहा पट पातळ केल्यावर पीएच तोच राहील हे पुस्तकी सूत्रावरून वाटतं, पण आयनांची गर्दी कमी होते आणि तो साधारण ०.०५ ने वर सरकतो, म्हणून कामाच्या ताकदीलाच पीएच लावलेला बरा. तापमानाने हा बफर फारसा डगमगत नाही, ट्रिस नावाच्या दुसऱ्या बफरसारखं दर अंशाला जवळपास ०.०३ ने सरकणं इथे नाही. मात्र अ‍ॅसिटेट हे बुरशीचं अन्नही आहे, बाटलीच्या तळाशी कापसासारखे धागे तरंगताना दिसले तर ती बाटली टाकून द्यायची, आणि नवीन बफर फिल्टर करून फ्रिजमध्ये ठेवायचा.