तगादा वेगळा, मागणी नोटीस वेगळी

उधारी थकली की बहुतेकजण आधी फोन करतात, मग मेसेज, मग ईमेल. चौथ्या-पाचव्या ईमेलला सूर चढतो, विषयाच्या ओळीत 'अंतिम सूचना' असं ठळक अक्षरांत येतं आणि पाठवणाऱ्याला वाटतं, झाली नोटीस देऊन. प्रत्यक्षात तो अजून तगादाच असतो, फक्त रागावलेला. पुढे प्रकरण वकिलाकडे गेलं की तो पहिल्यांदा विचारतो, "लेखी मागणी कधी केली होती?" आणि मग त्या ईमेलच्या ढिगात एकही कागद सापडत नाही ज्यात रक्कम, तिचा आधार आणि मुदत एकत्र लिहिलेली आहे.

स्मरणपत्र आणि मागणी नोटीस यांच्यातला मुख्य फरक वाचकाचा आहे, सुराचा नाही. स्मरणपत्र देणेकऱ्यासाठी असतं. व्यवहार त्याला ठाऊक असतो, त्यामुळे 'मार्चच्या बिलाचं जरा बघता का' एवढ्यावर भागतं. मागणी नोटीसही त्यालाच पाठवायची, पण ती लिहायची तिसऱ्या माणसासाठी: उद्या जो वकील, लवाद किंवा न्यायाधीश ती वाचेल आणि ज्याला तुमच्यातलं काहीच माहीत नसेल, त्याच्यासाठी. मसुदा लिहून झाला की एवढी एकच कसोटी लावा. अनोळखी माणसाला एकाही प्रश्नाशिवाय कळलं की कोणी, कोणाकडून, कशाबद्दल, किती आणि कधीपर्यंत मागितलं आहे, तर नोटीस बरी जमली.

'कोणाकडून' इथेच बरेचजण घसरतात. तुमचं बोलणं रोज ज्या माणसाशी होतं तो कदाचित मालक असेल, पण करार त्याच्या कंपनीशी झालेला असतो. स्मरणपत्र त्या माणसाच्या नावे गेलं तरी बिघडत नाही. नोटीस मात्र करारावर आणि बिलावर जे नाव आहे त्याच नावाने, नोंदणीकृत पत्त्यावर जायला हवी. चुकीच्या नावाने गेली तर 'माझ्याकडे वैयक्तिक काही येणं नाही' हे उत्तर तुम्हीच त्याच्या हातात दिलेलं असतं.

आता हिशेब. स्मरणपत्रात एक आकडा पुरतो, नोटिशीत तो आकडा कसा आला हे दाखवावं लागतं. उदाहरण घेऊ. छपाईच्या कामाची दोन बिलं आहेत. क्र. ४१ ची रक्कम ७५,०००, देय तारीख ९ फेब्रुवारी. क्र. ४७ ची रक्कम ६०,०००, देय तारीख १४ एप्रिल. मधे २० मे रोजी २५,००० आले, देताना ते बिल ४१ साठी असल्याचं कळवलं होतं. करारात उशिरासाठी वर्षाला १२ टक्के सरळ व्याज ठरलेलं आहे. नोटिशीची तारीख १ ऑक्टोबर.

रागाच्या भरात लिहिणारा म्हणतो, 'व्याजासह सुमारे सव्वा लाख'. त्या 'सुमारे'ने सगळी मागणी सैल होते. नीट मांडणी अशी: बिल ४१ वर ७५,००० रकमेचं १०० दिवसांचं व्याज २,४६५.७५, त्यानंतर उरलेल्या ५०,००० वर १३४ दिवसांचं २,२०२.७४. बिल ४७ वर १७० दिवसांचं ३,३५३.४२. व्याज एकूण ८,०२१.९१, मुद्दल १,१०,०००, म्हणजे मागणी १,१८,०२१.९१. आणि शेवटी एक ओळ, जी हमखास विसरली जाते: '१ ऑक्टोबरनंतर पूर्ण रक्कम मिळेपर्यंत रोज ३६.१६ व्याज वाढेल.' ही ओळ असली की पंधरा दिवसांनी पैसे देणाऱ्याला किती द्यायचे ते पुन्हा विचारावं लागत नाही.

इथे दोन गोष्टी मुद्दाम पाहा. मधे आलेले २५,००० हिशेबात स्पष्ट दिसतात. ते लपवले किंवा विसरले तर बाकीचे खरे आकडेही संशयास्पद होतात. दुसरं, व्याज करारातून आलं आहे. करारात व्याजाचा शब्दच नसेल तर स्वतःच दर ठरवून लावू नका. कायद्याने मिळणारं व्याज असेल तर त्याचा आधार लिहा, नाहीतर मुद्दल मागा आणि 'कायद्याने देय असलेल्या व्याजाचा हक्क राखून' एवढंच म्हणा.

हिशेबाआधी दोन-तीन वाक्यांत व्यवहाराची हकिकत येते: कोणत्या तारखेच्या ऑर्डरप्रमाणे काम झालं, माल कधी पोचला, त्याची पोच कोणी दिली, तक्रार आली का. तुमच्या आधीच्या स्मरणपत्रांचा खरा उपयोग इथे होतो. 'आम्ही अमुक तारखांना लेखी आठवण केली, एकदाही मालाबद्दल तक्रार आली नाही' हे वाक्य त्यांच्या जिवावर उभं राहतं. 'तुम्ही विश्वासघात केलात' हे वाक्य मात्र कशावरच उभं राहत नाही. काढून टाका.

मुदत तारखेने लिहा: '१६ ऑक्टोबरपर्यंत'. 'नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत' म्हटलं की नोटीस कधी मिळाली यावरच वाद सुरू होतो. लगेच खाली पैसे कोणत्या खात्यात, कोणत्या बिलांचा उल्लेख करून भरायचे ते लिहा. मुदत संपल्यावर काय, तेही एका वाक्यात: 'यानंतर आणखी सूचना न देता वसुलीची कायदेशीर कारवाई सुरू करू.' बस. पोलिसांत जाऊ, सगळ्यांना सांगू, तुमच्या गिऱ्हाइकांना कळवू, असल्या धमक्या तगाद्यातही नकोत आणि नोटिशीत तर नकोतच. अनेक देशांत पैसे काढण्यासाठी फौजदारी तक्रारीची धमकी देणं हाच गुन्हा ठरू शकतो.

सगळ्यात जास्त घोळ तडजोडीचा होतो. स्मरणपत्रात 'निम्मे आता द्या, निम्मे पुढच्या महिन्यात' चालतं. नोटिशीत '९०,००० दिलेत तरी मिटवू' लिहिलंत की त्या क्षणापासून समोरच्यासाठी तुमची मागणी ९०,०००च. सवलत द्यायची असेल तर वेगळ्या पत्रात द्या. काहीजण कुठूनतरी उचललेलं 'हक्कास बाधा न येता' हे शीर्षक नोटिशीवरच टाकतात. अनेक न्यायव्यवस्थांत ते तडजोडीच्या पत्रव्यवहाराचं चिन्ह मानलं जातं आणि असा पत्रव्यवहार सहसा पुराव्यात दाखवता येत नाही. जो कागद दाखवण्यासाठीच लिहिला, त्यावर ते कशाला?

नोटीस ईमेलने पाठवाच, पण पोच मिळेल अशा टपालानेही पाठवा. बिलं, ऑर्डर आणि पोचपावत्यांच्या प्रती सोबत जोडा, मूळ कागद तुमच्याकडे ठेवा.

आणि दाव्याची कायदेशीर कालमर्यादा जवळ आली असेल तर नोटिशीवर विसंबू नका. नुसत्या नोटिशीने ती मर्यादा सहसा थांबत नाही. उलट देणेकऱ्याने सही करून 'रक्कम मान्य आहे, थोडी मुदत द्या' असं मर्यादा संपण्याआधी लिहून दिलं, तर अनेक ठिकाणी ती नव्याने मोजली जाते. म्हणून उत्तरात मुदत मागितली तर चिडून फोन लावू नका. किती रक्कम मान्य आहे आणि कोणत्या तारखेला देणार, हे त्याच्याकडून लेखी घ्या.